पाकळी मुकी ठेवू नका

आमच्या मांडणीच्या धंद्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी परवा माझ्या एका फलकासमोर उभं राहून तीन वाक्यांत निकाल दिला. "वर्तुळं एकमेकांवर येतात तिथे काही लिहायचं नसतं. दोन वर्तुळांना नावं दिलीस की मधलं आपोआप कळतं. आणि हे पारदर्शक रंग म्हणजे संगणकाचा नखरा, फ्लेक्सवर छापलेस की चिखल होतो." मी तेव्हा मान हलवली, कारण त्यांचा हात धरून मी अक्षरजुळणी शिकलो आहे. पण घरी आल्यावर तिन्ही वाक्यं मनात उलटसुलट केली. पहिलं आणि दुसरं मला चुकीचं वाटतं. तिसरं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच सगळा घोळ केला आहे.

फलक कशाचा होता ते आधी सांगतो. एका शाळेच्या प्रदर्शनासाठी जुन्या पुण्यातली सहा माणसं एका वेन आकृतीत बसवायची होती. वर्तुळं तीन: केसरी चालवणारे, डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणारे आणि सुधारक चालवणारे. माणसं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, गोखले, न. चिं. केळकर आणि धोंडो केशव कर्वे. योगायोग असा की जॉन वेन यांचा या आकृत्यांवरचा निबंध १८८० सालचा, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं त्याच वर्षीचा. त्यांचं तर्कशास्त्रावरचं पुस्तक १८८१ चं, म्हणजे केसरीच्या वर्षीचं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण फलकाच्या कोपऱ्यात एवढं लिहायचा मोह मला आवरला नाही.

आता "मधलं आपोआप कळतं" हे वाक्य घेऊ. नववीच्या गणितात 'संच' हे प्रकरण आहे. तिथे 'अ' आणि 'ब' अशी दोन वर्तुळं काढली की छेदात काय आहे ते खरोखर आपोआप कळतं: दोन्हीत असलेल्या संख्या. सम संख्यांचं वर्तुळ, तीनच्या पटींचं वर्तुळ, मध्ये सहा, बारा, अठरा. इथे मधलं नाव सोडून दिलं तरी बिघडत नाही, कारण संख्येला काळ नसतो. बारा ही संख्या आधी सम होती आणि नंतर तीनची पट झाली असं कधी होत नाही. सरांचा नियम या आकृतीसाठी ठीक आहे. चूक एवढीच की त्यांनी तो संख्यांवरून उचलला आणि माणसांना लावला.

टिळकांकडे बघा. सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि टिळक १८९० साली तिच्यातून बाहेर पडले. केसरीत ते पहिल्यापासून. म्हणजे मधली सहा वर्षं ते एकाच वेळी दोन्हीकडे होते. केसरी आणि सोसायटी यांच्या छेदात, सुधारकच्या बाहेर जी पाकळी उरते तिच्यात त्यांचं नाव बसवलं, ते बरोबरच आहे. आता आगरकर. केसरीचे पहिले संपादक तेच, १८८१ ते १८८७. सुधारक त्यांनी ऑक्टोबर १८८८ मध्ये काढला. सोसायटीत ते अखेरपर्यंत होते. १८९५ साली गेले तेव्हा फर्ग्युसनचे प्राचार्य होते. तिन्ही वर्तुळांत त्यांचा पाय आहे, म्हणून ते अगदी मध्यात आले. आणि इथेच मुकी पाकळी खोटं बोलते. फलक बघणाऱ्याला वाटतं, आगरकर एकाच वेळी केसरी आणि सुधारक दोन्ही चालवत होते. तसं कधीच नव्हतं. एक सोडल्यावर वर्षभराने दुसरा सुरू झाला, आणि ते का सुटलं हाच तर त्या काळाचा सगळा इतिहास आहे. नुसती वर्तुळांची नावं वाचून हे कळेल असं म्हणणाऱ्याला मी नम्रपणे विचारतो, कसं कळेल?

म्हणून मध्ये मी लिहिलं: 'आधी केसरी, मग सुधारक, शिक्षक शेवटपर्यंत'. टिळकांच्या पाकळीत: 'वर्ग आणि केसरी एकाच वेळी, १८९० पर्यंत'. गोखल्यांची पाकळी सोसायटी आणि सुधारक यांची, कारण सुरुवातीची काही वर्षं सुधारकची इंग्रजी बाजू ते बघत. तिथे लिहिलं: 'प्राध्यापक, आणि सुधारकची इंग्रजी बाजू'. बघा, तीनही ठिकाणी 'दोन्हीत आहे' एवढं एकच सत्य गणितानं दिलं असतं. प्रत्यक्षात त्या 'आणि'चे तीन अर्थ निघाले. टिळकांचा 'आणि' म्हणजे त्याच वेळी. आगरकरांचा 'आणि' म्हणजे नंतर. गोखल्यांचा 'आणि' म्हणजे एका वर्तमानपत्राच्या अर्ध्या भागापुरता. पाकळीचं स्वतःचं नाव म्हणजे दोन वर्तुळांच्या नावांची बेरीज नव्हे. बेरीजच लिहायची असेल तर खरंच लिहू नका, तिथे सर जिंकले. 'केसरी + सोसायटी' असं लिहिलेली पाकळी म्हणजे दाराच्या पाटीवर पुन्हा 'दार' लिहिण्यासारखं.

याच फलकानं मला आणखी एक गोष्ट शिकवली, ती वर्तुळाच्या नावाबद्दल. पहिल्या आराखड्यात मी दुसऱ्या वर्तुळावर 'न्यू इंग्लिश स्कूल' लिहिलं होतं. तेव्हा चिपळूणकर टिळकांच्या पाकळीत आले, कारण शाळा काढणाऱ्यांत ते होतेच. मग कोणीतरी म्हणालं, नाव 'सोसायटी' करा, फर्ग्युसनही त्यात येतं. मी नाव बदललं, वर्तुळ जागेवरच ठेवलं आणि चिपळूणकरांना तिथून हलवायला विसरलो. सोसायटी १८८४ ची, चिपळूणकर १८८२ साली गेले. मृत्यूनंतर दोन वर्षांनी एका माणसाला मी संस्थेत नोकरीला लावलं होतं! ही चूक कधी सापडली? पाकळीत '१८९० पर्यंत' हे शब्द टंकले तेव्हाच. शब्द लिहिल्यावर प्रत्येक नावाला विचारावं लागतं, हे तुला लागू आहे का? मुक्या पाकळीत नाव टाकायला कोणी अडवत नाही.

पाकळीतली दोन प्रकारची अक्षरं वेगळी दिसायला हवीत, हेही इथेच सांगतो. एक असते पाकळीची अट, दुसरी असतात त्या अटीत बसणारी नावं. मी अट जाड ठशात आणि नावं साध्या ठशात ठेवतो, मध्ये थोडी मोकळी जागा सोडून. दोन्ही एकाच ठशात असली की 'टिळक' हेच पाकळीचं नाव वाटू लागतं. मग त्याच पाकळीत दुसरा माणूस आला की फलक गोंधळतो.

आता तिसरं वाक्य, चिखलाचं. यात तथ्य आहे, पण दोष पारदर्शकतेचा नाही, आपण ती कशी मागतो त्याचा आहे. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जिलेटिन कागद मिळतो. पिवळा आणि निळा घ्या, दोन गोल कापा, ट्यूबलाइटसमोर एकावर एक धरा. मध्ये हिरवा दिसेल. आता खालचा वर करा, हिरवा तोच राहील. जिलेटिन प्रकाश गाळतं, आणि दोन गाळण्या कुठल्याही क्रमानं लावल्या तरी शेवटी गळून येणारा प्रकाश तेवढाच.

संगणकात बहुतेक जण काय करतात? वर्तुळ निवडतात आणि Opacity पन्नास करतात. ते जिलेटिन नाही, तो पातळ चुना आहे. वरचा थर खालच्याला अर्धवट झाकतो. हिशोब करून दाखवतो. पांढऱ्या कागदावर लाल वर्तुळ खाली आणि निळं वर, दोन्ही पन्नास टक्के. छेदात लाल, हिरवा, निळा या क्रमानं मूल्यं येतात १२८, ६४, १९१, म्हणजे निळसर जांभळा. वर्तुळांचा क्रम उलटा केला तर १९१, ६४, १२८, म्हणजे गुलाबीकडे झुकलेला. एकाच छेदाचे दोन रंग, आणि ते ठरतात कोणतं वर्तुळ आधी काढलं त्यावर! तीन वर्तुळांत तर डोकं चालेनासं होतं: वरच्या वर्तुळाचा रंग सगळीकडे दादागिरी करतो आणि खालचं वर्तुळ सगळ्यांत फिकट दिसतं. आमच्या फलकात सोसायटी वर होती, म्हणून केसरी दुय्यम वाटत होता. असं मुद्दाम केलं असतं तर निदान वाद घालता आला असता.

हवा तो परिणाम Multiply नावाच्या मिश्रणानं मिळतो. त्यात दोन्ही रंगांची मूल्यं एकमेकांशी गुणून २५५ नं भागतात. गुणाकारात क्रम लागत नाही, म्हणून हे जिलेटिनसारखं वागतं. आणि सरांचा चिखल जन्मतो तोही इथेच, कारण गुणाकारानं रंग फक्त गडद होतात. माझ्या पहिल्या आराखड्यात पिवळा (२५५, २२४, १३०), निळा (१४४, २०२, २४९) आणि गुलाबी (२४४, १४३, १७७) होते. प्रत्येक वर्तुळ छान उजळ. तिघांचा गुणाकार मध्यात आला (१३८, १००, ८८), म्हणजे तपकिरी. काळ्या अक्षरांचा पिवळ्यावर पार्श्वभूमीशी फरक सोळास एक इतका होता, तोच मध्यात चारास एक झाला. वेबवरच्या सुलभतेच्या नियमांत बारीक अक्षरांसाठी साडेचारास एकची किमान मर्यादा आहे, तिच्याही खाली. आगरकरांचं नाव, जे सगळ्यांत महत्त्वाचं, तेच सगळ्यांत कमी वाचता येत होतं.

मराठीत हे जास्त बोचतं. रोमन अक्षरं अंधूक झाली तरी शब्दाचा बांधा ओळखता येतो. देवनागरीत अर्थ अनुस्वाराच्या एका ठिपक्यावर आणि उकाराच्या एका शेपटीवर टांगलेला असतो. तपकिरीवर काळ्यानं छापलेल्या 'संस्था' मधला ठिपका माझ्या फ्लेक्सवर जवळून दिसला, दोन पावलं मागे गेल्यावर नाहीसा झाला. रफारही तसाच: 'वर्ग' चा 'वग' व्हायला फार अंधार लागत नाही.

उपाय रंग सोडून देणं हा नाही. रंग अर्ध्यानं पातळ करा. पिवळा (२५५, २४०, १९३), निळा (२००, २२९, २५२), गुलाबी (२५०, १९९, २१६) घेतले की मध्य येतो (१९६, १६८, १६२), मातकट गुलाबी. त्यावर काळ्या अक्षरांचा फरक नऊपेक्षा जास्त. वर्तुळं जरा फिकी दिसतात, तेव्हा त्यांना गडद कड द्या. आणि ती कड छेदभागातून अखंड गेली पाहिजे. पारदर्शकतेचा भास रंगापेक्षा या दोन अखंड कडांनीच होतो. एका वर्तुळाची कड दुसऱ्याच्या आत गडप झाली की डोळ्याला ते कापून चिकटवलेलं दिसतं, आणि पाकळी कुणाच्याच वाट्याची राहत नाही.

मला विचाराल तर मी आता एक पाऊल पुढे जातो. वर्तुळं काढून झाली की Intersect नं सातही भाग वेगळे कापतो आणि प्रत्येकाला गुणाकारानं आलेला रंग हातानं भरतो. मग पाहिजे तर मध्याचा रंग एक पायरी उजळवतो. यावर सर म्हणतील, मग ही पारदर्शकता खोटी झाली. खरी कधी होती? शाईचे ठिपके आहेत ते. फायदा मात्र खरा आहे: जुन्या पद्धतीच्या पीडीएफमध्ये पारदर्शक वस्तू सपाट केल्या जातात आणि त्यांच्याखाली आलेली अक्षरंही चित्रात वितळतात, कडा दातेरी होतात. भाग वेगळे आणि अक्षरं सगळ्यांच्या वरच्या थरावर असली की सपाट करायला काही उरतच नाही. छापखान्यातून पहिलं परत आलेलं पान हातात घेऊन भिंग लावा, अनुस्वार गोल आहे की चौकोनी ते बघा. चौकोनी असेल तर अक्षर वितळलं आहे.

एक आक्षेप त्यांनी मांडला नाही, पण मनात होता हे मला माहीत आहे: पाकळीत जागा कुठे असते? बाजूला सूची द्यावी. याचं उत्तर कागदावर मोजून दिलं पाहिजे. ए-फोर पानावर १८० मिमी रुंदी वापरायची आहे असं धरा. तीन वर्तुळं अशी ठेवा की प्रत्येकाचा केंद्रबिंदू दुसऱ्या दोघांच्या कडेवर येईल. मग त्रिज्या ६० मिमी होते. मधल्या भागात ५१ मिमी व्यासाचं वर्तुळ मावतं आणि प्रत्येक पाकळीत सुमारे ३५ मिमी रुंद, २१ मिमी उंच चौकट. बारा पॉइंट देवनागरीच्या तीन ओळी त्यात सहज बसतात. जागा नसते ती वर्तुळं घाबरून लांब ठेवणाऱ्यांकडे. त्याच रुंदीत केंद्रं दीड त्रिज्या दूर नेली की मधल्या भागात जेमतेम १४ मिमीचं वर्तुळ मावतं, आणि मग म्हणायचं, बघा, मावत नाही! पाकळीचं नाव आधी लिहा, त्याची लांबी मोजा, मग वर्तुळं किती जवळ आणायची ते ठरवा. आपण नेमकं उलटं करतो.

सूचीबद्दल एवढंच. आमच्या फलकात सात भाग होते. सूची म्हणजे सात आकडे आणि सात ओळी, आणि शाळकरी पोरगं 'चार' म्हणजे कोण हे बघायला मान वळवून परत येईपर्यंत चार कुठे होता ते विसरतं. मी तिसऱ्या इयत्तेतल्या एका मुलीला हे करताना पाहिलं. तिनं शेवटी बोट आकृतीवर टेकवून ठेवलं आणि डोळे सूचीकडे नेले. हुशार पोर, पण आकृतीनं तिला बोट टेकवायला का लावावं?

दोन ठिकाणी मात्र मी सरांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. चार संस्था घ्यायच्या झाल्या तर वर्तुळं विसरा. चार गोष्टींच्या सोळा शक्यता असतात आणि चार वर्तुळं पानाचे जास्तीत जास्त चौदाच भाग करू शकतात, बाहेरची जागा धरून. कितीही सरकवा, दोन शक्यतांना घर मिळत नाही. वेन यांनी स्वतः चारसाठी लंबवर्तुळं वापरली. त्यांच्या पाकळ्या चिंचोळ्या होतात, आणि तिथे अक्षरं कोंबण्यापेक्षा बाहेर रेष ओढून लिहिणं खरंच बरं. नाही तर सरळ तक्ता करा.

दुसरं, आकाराबद्दल. आपल्याकडच्या सर्वेक्षणांच्या बातम्यांत पाकळी मोठी म्हणजे माणसं जास्त असं सूचित केलं जातं. वर सांगितलेल्या मांडणीत मधला भाग एका वर्तुळाच्या बावीस टक्के आणि प्रत्येक पाकळी सतरा टक्के असते, मग आत एक माणूस असो की एक लाख. तिथे आकडा लिहिल्याशिवाय पाकळी बोलत नाहीच, उलट चुकीचं बोलते. म्हणजे इथेही सरांचा नियम मोडतोच, पण त्यांचा संशय रास्त आहे.

उरली ती रिकामी पाकळी. केसरी आणि सुधारक दोन्हीत, पण सोसायटीत नाही, असं आमच्या सहांत कोणी नव्हतं. नुसत्या सुधारकातही कोणी नव्हतं. सरांच्या हातात फलक असता तर हे दोन भाग कोरे राहिले असते, आणि बघणाऱ्याला कळलं नसतं की इथे कोणी नाही की लिहायचं राहून गेलं. वेन यांची पद्धत इथे कामाची आहे: सगळे कप्पे आधी काढायचे आणि जो रिकामा आहे तो रेघा मारून बंद करायचा. मी दोन्ही भागांत बारीक तिरक्या रेघा दिल्या आणि आत लिहिलं, 'या सहांत कोणी नाही'. कर्वे नुसत्या सोसायटीत, चिपळूणकर आणि केळकर नुसत्या केसरीत, आणि गोष्ट पुरी झाली.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले होते, म्हणे. मी नव्हतो. शिपायानं सांगितलं की त्यांनी चष्मा काढून रेघा मारलेल्या पाकळीला नाक लावलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे 'सहांत' आहे ना, की 'सहात'?" ठिपका दिसत होता, असं शिपाई म्हणाला. मग त्यांनी शाईचा डबा मागवून कोपऱ्यातल्या १८८० च्या ओळीत माझा एक ऱ्हस्व दीर्घ केला, तो मात्र बरोबर होता.